हरभऱ्याचा बेवड

गेल्या वर्षी आषाढात गावी गेलो होतो, तेव्हा पुतण्याने मला घरात टेकूही दिलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवतो न ठेवतो तोच म्हणाला, "काका, शेतात चला. एक रेघ दाखवायचीय." पोरगा नववीत. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या खालच्या अंगाला आमचं तीन एकरांचं काळं रान आहे. तिथं त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळीकडे हायब्रीड ज्वारी पेरली होती. दावणीला दोन बैल आणि एक म्हैस आहे, कडबा लागतो, म्हणून आमच्या घरात ज्वारी अजून टिकून आहे.

बांधावर उभं राहिल्यावर रेघ मलाही दिसली. ज्वारी मांडीएवढी झाली होती. पश्चिमेकडची निम्मी काळपट हिरवी, पानं रुंद, ताटं जाड. पूर्वेकडची निम्मी पोपटी, खालची पानं टोकाकडून पिवळी पडत आलेली. आणि या दोहोंच्या मधोमध, दोरी धरून आखावी तशी सरळ हद्द. बियाणं एका पिशवीतलं, पाभर एक, पेरणी एका दिवशीची, पाऊसही एकच. मग ही हद्द कुणी आखली?

आबांना त्यात नवल काही वाटत नव्हतं. "त्या अंगाला हरभऱ्याचा बेवड हाय," ते म्हणाले. "हिकडं करडई हुती."

बेवड हा शब्द ज्यांनी शेतकरी घरांत ऐकला असेल त्यांना समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आधीचं पीक निघून गेल्यावर रानात त्याचा जो गुण किंवा अवगुण मागं राहतो, तो त्या पिकाचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तुरीचा त्याहून चांगला, भुईमुगाचाही चांगला. ज्वारीवर ज्वारी आली की बेवड मारतो. फेरपालटीचं आमच्या भागातलं सगळं शास्त्र या एका शब्दात बसलेलं आहे, आणि मी कृषी महाविद्यालयात चार वर्षं काढून आलो तरी त्या शब्दाच्या पोटात शिरून पाहिलं नव्हतं.

पुतण्या मात्र शिरला. "बेवड चांगला म्हणजे काय होतं, आबा?"

"जमिनीला इसावा भेटतो."

"पण तिथं तर हरभरा होता की! पीक उभं असताना इसावा कसा भेटंल?"

आबा गप्प झाले. प्रश्न बिनतोड होता. करडईनं जमिनीतून खाल्लं आणि हरभऱ्यानंही खाल्लं. एका खाणाऱ्याच्या मागं रान भुकेलं राहिलं आणि दुसऱ्याच्या मागं धष्टपुष्ट, हे कसं?

त्याच वेळी पोराने आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. आदल्या वर्षी हरभरा पेरताना बी कमी पडलं होतं आणि कोपऱ्यातली गुंठाभर जागा तशीच पडीक राहिली होती. त्या गुंठ्यातली ज्वारी कशी होती? हरभऱ्याच्या बाजूपेक्षा थोडी फिकी, पण करडईच्या बाजूपेक्षा नक्कीच हिरवी. आबांचा विसावा खरा होता तर! ज्या जागेनं काही पिकवलं नाही, तिथं करडईच्या रानापेक्षा जास्त शिल्लक उरलं होतं. पण हरभरा पिकवलेल्या जागेत त्याहूनही जास्त होतं. म्हणजे रेघेच्या दोन बाजूंत जो फरक दिसत होता, तो सगळाच हरभऱ्यानं दिलेला नव्हता. बराचसा करडईनं नेलेला होता. करडईचं सोटमूळ माणसापेक्षा खोल जातं आणि ओलीबरोबर खालचं नत्रही ओढून घेतं. तिची काटेरी धसकटं रानात कुजतात तेव्हा कुजवणारे सूक्ष्मजीवही आपल्या पोटासाठी मातीतलंच नत्र धरून ठेवतात, आणि वरची ज्वारी पोपटी पडते. हा सगळा हिशोब वजा केल्यावर जो फरक उरतो, तो हरभऱ्याचा. तो लहान असतो, पण असतो. गुंठाभर पडीक कोपरा नसता तर आम्हा दोघांनाही हे कळलं नसतं.

तो लहानसा फरक कुठून आला, हे पोराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मी त्याला एक गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीनं त्याची दिवाळीची सुट्टी खाल्ली.

फ्रान्समध्ये अल्सास भागात बेशेलब्रॉन नावाच्या ठिकाणी बुसँगो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची शेती होती. १८३०च्या दशकात त्याने शेतकऱ्याला कधी सुचलं नसेल असं काम केलं. शेतात गेलेल्या खताचं आणि शेतातून निघालेल्या पिकाचं वजन करून, पृथक्करण करून, प्रत्येक पिकाची जमाखर्चाची वही मांडली. गहू आणि ओट यांच्या खात्यात नत्राची भर कुठेच दिसेना. क्लोव्हर आणि वाटाण्याच्या खात्यात मात्र दिल्यापेक्षा जास्त नत्र बाहेर निघत होतं. ते येत होतं कुठून? हवेत पाचातले जवळपास चार भाग नत्रच असतं, म्हणून संशय हवेवर होता. तो सिद्ध करायला त्याने पुढे वाळू भाजून घेतली, झाडं काचेच्या बंद भांड्यात वाढवली, धुळीचा कणही आत जाऊ दिला नाही. आणि नत्राची वाढ झालीच नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रातही १८५७-५८ मध्ये तितक्याच काटेकोरपणे प्रयोग झाला आणि तेच उत्तर आलं. शेतातली वही एक सांगत होती, प्रयोगशाळा दुसरंच. हा पेच पुढं जवळपास तीस वर्षं सुटला नाही.

तो सोडवला जर्मनीत बेर्नबुर्गच्या प्रयोग केंद्रात हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी. ते वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा वाढवत होते. ओटचा हिशोब सरळ होता, जेवढं नत्र घालावं तेवढी वाढ. वाटाणा मात्र काही केल्या हिशोबात बसेना. नत्र न घातलेल्या कुंड्यांपैकी काहींमधला वाटाणा उपाशी मरे आणि शेजारच्याच कुंडीतला जोमानं वाढे. दुसऱ्या कुणी या कुंड्या बिघडलेल्या म्हणून फेकल्या असत्या. हेलरीगेलने त्या बिघाडाचाच माग काढला. जोमानं वाढलेल्या वाटाण्याच्या मुळांवर गाठी होत्या, उपाशी असलेल्याच्या नव्हत्या. मग त्याने भाजलेल्या वाळूत सुपीक मातीचं थोडं पाणी घातलं, तर सगळे वाटाणे वाढले. तेच पाणी उकळून घातलं, तर उपाशी राहिले. १८८६ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने हे मांडलं. हवेतलं नत्र झाड स्वतः घेत नाही. मुळांच्या गाठींत राहणारा, मातीतून येणारा कुणी सूक्ष्म जीव ते घेतो. बुसँगोच्या बंद काचेत झाड होतं, हवा होती, फक्त तो जीव नव्हता, कारण त्याने वाळू भाजताना तोच मारला होता. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतून तो जिवाणू वेगळा वाढवून दाखवला. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो.

"म्हणजे माती आणि उकळलेली माती, एवढंच?" पुतण्याने विचारलं.

एवढंच. फक्त ते नीट करायचं.

नदीची वाळू आणून त्याने ती पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुतली. मग लोखंडी कढईत चुलीवर भाजली. वर टाकलेला कागदाचा कपटा तपकिरी पडेपर्यंत भाज, असं मी सांगितलं होतं. रोपवाटिकेच्या बारा काळ्या पिशव्या भरल्या. वाळूत झाडाला खायला काही नसतं, म्हणून प्रत्येक पिशवीत चिमूटभर चुलीची राख आणि चिमूटभर सुपर फॉस्फेट घातलं. राखेत पालाश आणि चुना असतो, सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद. नत्र दोन्हींत नसतं, कारण लाकडातलं नत्र जळतानाच उडून जातं. म्हणजे बाराही पिशव्यांत नत्र सोडून सगळं होतं. सहा पिशव्यांत हरभरा लावला, सहांत ज्वारी. हरभऱ्याच्या शेतातली ओंजळभर माती तांब्याभर पाण्यात ढवळून, निवळून घेतली. त्यातलं निम्मं पाणी अर्धा तास उकळून गार केलं. हरभऱ्याच्या तीन पिशव्यांना जिवंत पाणी, तीनना उकळलेलं. ज्वारीच्या दोनना जिवंत, दोनना उकळलेलं आणि उरलेल्या दोनना उकळलेलं पाणी आणि वर युरियाचे चार दाणे. रोज घालायचं पाणीही उकळून गार केलेलं. घरच्या गॅसवर त्या महिन्यात पोराच्या आईचा काय जीव गेला असेल ते तिलाच ठाऊक, पण तिने एक दिवसही चुकवलं नाही.

पहिले पंधरा दिवस काहीच घडलं नाही. बाराही पिशव्या हिरव्यागार. पोरगा हिरमुसला. मी फोनवर त्याला धीर धरायला सांगितलं. बियात शिदोरी असते, ती संपेपर्यंत झाडाला कशाचीच कमतरता कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात शिदोरी संपली. आधी ज्वारी पिवळी पडली, खालच्या पानांपासून वर, कारण नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं. फक्त युरियाच्या दोन पिशव्या हिरव्या राहिल्या. म्हणजे वाळूत नत्राचीच उणीव होती, दुसऱ्या कशाची नव्हती, एवढं नक्की झालं. मग हरभऱ्याच्या सहाही पिशव्या पिवळसर झाल्या, जिवंत पाण्याच्या तीनसुद्धा. "काका, प्रयोग फसला," असा निरोप आला. तो फसला नव्हता. गाठी तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर झाडाला उपाशी काढावे लागतात. आठवड्याभरात जिवंत पाण्याच्या तिन्ही पिशव्यांतला हरभरा वरच्या पानांपासून पुन्हा गडद होत गेला. उकळलेल्या पाण्याच्या तीनपैकी दोन तशाच पिवळ्या, खुरटलेल्या.

आणि तिसरी? ती हिरवी झाली.

पोराला राग आला. ती पिशवी उकिरड्यावर टाकायला निघाला होता. मी म्हणालो, थांब, हेलरीगेलच्याही कुंड्या अशाच फितूर झाल्या होत्या, ती पिशवी कुठं ठेवली होती ते आधी बघ. पिशव्या न्हाणीच्या भिंतीला ओळीनं लावलेल्या होत्या आणि ही अगदी कडेची होती. शेतातून आल्यावर आबा त्याच कडेला पाय धुवायचे. नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्याच्या रानातला चिखल शिंतोड्यांतून रोज पिशवीत पडत होता. त्या दिवशी पोराने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आबांच्या पायांना जिवाणू आहेत." आबांनी ते वाचून घेतलं आणि बराच वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत बसले.

गाठी पाहायचा दिवस मी सुट्टी काढून साधला. हरभऱ्याचं झाड उपटायचं नसतं. उपटलं की बारीक मुळं तुटतात, गाठी मातीतच राहतात, आणि माणूस म्हणतो आमच्या हरभऱ्याला गाठीच नाहीत. खुरप्यानं वीतभर दुरून ढेकूळ उचलायचं, बादलीत भिजत ठेवायचं आणि माती आपोआप विरघळू द्यायची. पिशव्यांतल्या झाडांची मुळं तर सहज धुतली गेली. उकळलेल्या पाण्याच्या दोन झाडांना पांढरी, लांब, स्वच्छ मुळं होती, एक गाठ नाही. जिवंत पाण्याच्या झाडांना मुगाच्या दाण्याएवढ्या, काही बोटांसारख्या फुटलेल्या गाठी. पोराने नखानं एक गाठ चिरली. आत मांसाचा रंग होता, गुलाबी-लाल.

तो रंग हेच कामाच्या गाठीचं लक्षण आहे. आतून पांढरी निघाली तर ती अजून कच्ची किंवा निकामी, हिरवट-करडी निघाली तर तिचं काम संपलेलं. लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या एका प्रथिनाचा आहे. हवेतलं नत्र फोडणारं जिवाणूचं विकर प्राणवायूनं खराब होतं, पण जिवाणूला श्वास घ्यायला प्राणवायू तर लागतो. म्हणून झाड हे लाल प्रथिन तयार करून गाठीत प्राणवायू मोजून मोजून पोचवतं. बदल्यात जिवाणू झाडाला अमोनियाच्या रूपात नत्र देतो आणि झाडाकडून साखर घेतो. काळ्या रानात पाणी तुंबलं की हरभरा पिवळा का पडतो, तेही यातूनच कळतं. हवा खेळली नाही की गाठ गुदमरते.

एक धोका इथंच सांगतो, कारण आमच्या शेजारच्या मळ्यात वांग्याच्या मुळांवरच्या गाठी दाखवून एकाने मला "बघा, नत्र" असं अभिमानानं म्हटलं होतं. त्या सूत्रकृमीच्या गाठी होत्या. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं चोळली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते चोळून निघत नाही. एक मित्र आहे, दुसरा मुळावर उठलेला. दोन्ही गाठीच दिसतात.

आता पोराला हिशोब हवा होता. हरभऱ्यानं रानाला किती दिलं? आम्ही ओट्यावर बसून ढोबळ आकडे मांडले. एकरी आठ क्विंटल हरभरा झाला तर दाण्यातच सुमारे २७ किलो नत्र बाजारात जातं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत नत्र २१ किलोच्या आत असतं. म्हणजे सव्वा गोणीपेक्षा जास्त युरियाएवढं नत्र आपण पोत्यात भरून विकतो. मुळांसकट सगळ्या झाडात ४० किलोच्या आसपास नत्र धरलं, आणि कोरडवाहू हरभरा आपल्या गरजेच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत नत्र हवेतून घेतो हे लक्षात घेतलं, तर हवेतून आलं २५ किलोच्या आसपास. आलं २५, गेलं २७. पोरानं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे हरभऱ्यानं काहीच दिलं नाही?"

मग ज्वारीचं खातं मांडलं. दहा क्विंटल दाणा आणि वीस क्विंटल कडबा, मिळून २५-२६ किलो नत्र. यातला कण न् कण रानातून गेलेला, हवेतून काही नाही. आणि कडबा तर आम्ही काडीही न ठेवता घरी आणतो.

बेवडाचं मर्म मला तिथं पहिल्यांदा नीट दिसलं. हरभरा रानाला फारसं देत नाही. तो रानाकडून घेत नाही. घरातला एक मुलगा बाहेर मजुरी करून आपलं पोट भरून येतो, घरात पैसे आणत नाही, पण कणगीलाही हात लावत नाही. कणगीत मागच्या सालाचं जे असतं ते तसंच शिल्लक राहतं, आणि पुढच्या हंगामात ज्वारीच्या ताटात पडतं. विसावा हा आबांचा शब्द त्यामुळं अगदी बरोबर निघाला. रानाला विसावा मिळाला होता, पीक उभं असतानाही. वर थोडी भर पडते ती गळलेल्या पाल्याची आणि मुळांची. ती पावसात लवकर कुजतात, ज्वारीच्या धसकटांसारखी नत्र अडवून धरत नाहीत. तूर तर काढणीपर्यंत सतत पानं गाळत असते, म्हणून तिचा बेवड जुन्या माणसांनी हरभऱ्याच्याही वर धरला.

हा हिशोब हातात आला की शेतातल्या दोन चुका उघड्या पडतात. हरभऱ्याचं भुसकटही खळ्यावरून विकून टाकलं तर आलं-गेलं बरोबरीत होतं तेही तोट्यात जातं. ते जनावरांना घातलं तर शेण तरी त्याच रानात परत जायला हवं. दुसरी चूक, उभ्या हरभऱ्यावर युरिया फेकणं. पेरताना एकरी दहा किलो नत्र देतात, कारण गाठी धरेपर्यंतच्या भुकेला तेवढं पुरतं. त्यावर जास्त दिलं की झाडाला आयतं मिळतं, आणि आयतं मिळालं की ते गाठींवर साखर खर्च करत नाही. हरभरा हिरवा दिसतो, पण खातं रानाच्या नावावर चढत राहतं.

बाजारात जिवाणू संवर्धनाची पाकिटं मिळतात, त्याबद्दलही पोरानं विचारलं. २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर. पण ज्या रानात हरभरा वर्षानुवर्षं येतो, तिथं त्याचा जिवाणू आधीच नांदत असतो. पाकिटाचा खरा उपयोग नव्या रानात, नव्या पिकाला. प्रत्येक कडधान्याचा सोबती वेगळा असतो. हेलरीगेललाही हे दिसलं होतं. वाटाण्याला चाललेलं मातीचं पाणी ल्युपिनला चाललं नाही, त्याला ल्युपिन जिथं उगवतं तिथलीच माती लागली. सोयाबीन आपल्याकडं नवं आलं तेव्हा त्याचा सोबती आपल्या मातीत नव्हता, तो पाकिटातून आणावा लागला. मी स्वतः एकदा पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेली पाकिटं मुदत न पाहता आणली होती. पाकिटात फक्त काळी भुकटी उरली होती, जिवंत काही नव्हतं. त्या वर्षी आमच्या नव्या तुकड्यातलं सोयाबीन महिनाभरानं पिवळं पडलं, मुळं धुतली तर कोरी. ते मला अजून सलतं, कारण मला शिकवलेलं होतं आणि तरी मी पाहिलं नाही.

माघात पोरगा आनंदाच्या भरात एक योजना घेऊन आबांकडे गेला. आता रानात कायम डाळवर्गाचंच पीक घ्यायचं. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा. रानाचं नत्र कधी संपणारच नाही.

आबा म्हणाले, "सगळ्या शिवारानं तेच लावलंय की. चल, तात्याच्या रानात."

आमच्या भावकीतल्या तात्यांचं रान ओढ्याच्या पलीकडं आहे. सोयाबीनवर हरभरा, हे त्यांचं चौथं वर्ष. ज्वारी त्यांनी सोडली, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही, दावणीला जनावर उरलं नाही म्हणून कडब्याला घरी गिऱ्हाईक नाही. सोयाबीनला मळणीयंत्र येतं आणि चार दिवसांत रोख पैसे हातात पडतात. मराठवाड्याच्या खरिपातून ज्वारी अशीच, एकेका घराच्या साध्या नाइलाजानं निघून गेली.

तात्यांच्या हरभऱ्यात मधेमधे वाळलेली ठिगळं होती. झाडं उभ्याउभ्या मान टाकलेली, पानं अजून हिरवट. आबांनी एक झाड काढून जमिनीलगतचा बुंधा ब्लेडनं उभा चिरायला सांगितला. आत काळपट-तपकिरी रेघ वर चढत गेलेली होती. हा मर रोग, फ्युजेरियम बुरशीचा. बाहेरून पाण्याच्या ताणानं वाळल्यासारखं दिसतं, पण ताणानं वाळलेल्या झाडाच्या आत अशी रेघ नसते. ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत पाच-सहा वर्षं तग धरते. दर हिवाळ्यात तिला नवा हरभरा मिळाला की ती वाढतच जाते. पोरानं मुळं पाहिली, गाठी होत्या, लालही होत्या. नत्राला काही कमी नव्हतं. झाड मात्र मेलं होतं.

ही दुसरी बाजू मला पुस्तकातून माहीत होती, पोराला त्या दिवशी कळली. ज्वारीच्या मागं हरभरा आणि हरभऱ्याच्या मागं ज्वारी यात नत्राचा हिशोब जेवढा आहे, तेवढाच रोगाची उपासमार करण्याचाही आहे. तुरीच्या मर रोगाची बुरशी वेगळी आहे, पण ज्वारीचा फेर तिलाही मानवत नाही. जुने लोक तूर नेहमी ज्वारीत ओळीनं पेरत, ते काही फक्त जागा वाचवायला नव्हे. एका वर्षाच्या ज्वारीनं तात्यांचं रान साफ होणार नाही, ते आबांनीही त्यांना सांगितलं. दोन-तीन वर्षं तिथं हरभरा नको, आणि मग घ्यायचाच तर विजयसारखा मर सोसणारा वाण, बियाण्याला ट्रायकोडर्मा लावून. तात्या ऐकून घेत होते. "ज्वारी घेतो म्हणतो, पण काढणार कोण?" एवढंच म्हणाले. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. फेरपालटीवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हा प्रश्न फार काळ टाळला आहे, असं मला मनापासून वाटतं.

यंदा मृग बरसला आणि आबांनी पाभर जुंपली. पोराने वहीच्या मागच्या पानावर तीन एकरांचा नकाशा काढला होता. वरच्या तुकड्यात ज्वारी, तिच्यात दर सहा ओळींनंतर दोन ओळी तूर. खालच्या तुकड्यात सोयाबीन, पण हिवाळ्यात तिथं हरभरा नको, करडई. आबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काही न बोलता खिशात ठेवला. मी बांधावर होतो. पाभर चालू झाली. चाड्यावर पोराची आजी होती, मूठ सोडत होती. कोपऱ्याजवळ आल्यावर पोरगा बैलांच्या पुढं गेला.

"आबा, हा गुंठा सोडा. पडीक राहू दे."

"पेरायच्या टायमाला रान मोकळं ठिवतेत व्हय?"

"मग कळंल कसं, काय कुणी दिलं अन् काय कुणी नेलं?"

आबांनी बैल थांबवले. कोपऱ्याकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं. मग आजीला म्हणाले, "मूठ बंद कर गं," आणि पाभर उचलून धरली. तो गुंठा ओलांडला, आणि पलीकडं परत टेकवली.